निकाल कुठे वाचलात, पॅरा कितवा?

विधी महाविद्यालयांतल्या असाइनमेंटचा गठ्ठा तपासायला घेतला की अशा धाटणीचे वाक्य हमखास भेटते: “श्रेया सिंघल विरुद्ध युनियन ऑफ इंडिया या ऐतिहासिक खटल्यात माननीय सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायदा, २००८ चे कलम ६६-अ हे राज्यघटनेच्या अनुच्छेद १४, १९ व २१ चे उल्लंघन करते म्हणून रद्द केले (एआयआर २०१५ एससीसी १).”

वाचायला ठाकठीक वाटते. खटला खरा, न्यायालय खरे, कलम खरे, आणि ते रद्द झाले हेही खरे. पण या एका वाक्यात कायद्याचे वर्ष चुकले आहे, राज्यघटनेच्या अनुच्छेदांची भरताड झाली आहे, कंसातले सायटेशन अस्तित्वातच नाही, आणि निकालात हे नेमके कुठे म्हटले आहे याचा पत्ता नाही. शिवाय विद्यार्थ्याने मूळ निकाल उघडलेला नाही, हे या चुकांवरूनच समजते. कुणाच्या तरी नोट्समधून हे वाक्य आले, त्या नोट्स कुठल्या गाइडवरून आल्या आणि गाइडात ते कुठून आले हे देवालाच ठाऊक. कायद्याच्या लेखनात चुकीचे सायटेशन आणि वाङ्मयचौर्य ही दोन दुखणी वेगवेगळी शिकवली जातात. माझ्या मते बहुतेक वेळा दोघांचे मूळ एकच असते. जे वाचले ते सांगायचे नाही आणि जे सांगितले ते वाचलेले नाही. हे एकच वाक्य घेऊन ते दुरुस्त करत गेलो, तर बराचसा विषय उलगडतो.

प्रकरण आपल्याला परके नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. त्यावर फेसबुकवर प्रश्न विचारणारी एक पोस्ट पालघरच्या एका तरुणीने टाकली आणि तिच्या मैत्रिणीने ती ‘लाइक’ केली. पोलिसांनी दोघींना अटक केली. देशभर गदारोळ झाला आणि श्रेया सिंघल या दिल्लीच्या तरुण विद्यार्थिनीने कलम ६६-अ च्या वैधतेलाच सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. ती याचिका म्हणजे २०१२ ची रिट याचिका (फौजदारी) क्र. १६७. तिच्यासोबत इतरही याचिका ऐकल्या गेल्या आणि २४ मार्च २०१५ रोजी न्या. जे. चेलमेश्वर व न्या. रोहिंटन नरिमन यांच्या खंडपीठाने निकाल दिला. निकालपत्र न्या. नरिमन यांनी लिहिले.

आता कायद्यापासून सुरुवात करू. ‘माहिती तंत्रज्ञान कायदा, २००८’ असा स्वतंत्र कायदा नाही. मूळ कायदा २००० चा, म्हणजे २००० चा अधिनियम क्र. २१. त्यात कलम ६६-अ मुळात नव्हते. ते माहिती तंत्रज्ञान (सुधारणा) अधिनियम, २००८ ने घातले. हा सुधारणा अधिनियम संसदेने २००८ च्या शेवटी मंजूर केला म्हणून त्याच्या नावात २००८ आहे, पण राष्ट्रपतींची संमती पुढच्या वर्षी मिळाल्यामुळे तो २००९ चा अधिनियम क्र. १० झाला. कलम प्रत्यक्ष अमलात आले २७ ऑक्टोबर २००९ पासून. एका कलमामागे एवढी वर्षे आहेत आणि विद्यार्थी त्यातले हाताला लागेल ते उचलतो. नियम सोपा आहे. कलम ज्या कायद्यात ‘राहते’, त्या कायद्याचे नाव आणि वर्ष लिहायचे, म्हणजे माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० चे कलम ६६-अ. ते कधी आणि कशाने घातले हे तुमच्या मुद्द्याला लागू असेल तरच सुधारणा अधिनियमाचा उल्लेख तळटिपेत करायचा. गल्लत टाळायला बेअर अ‍ॅक्ट उघडावा. कलमाखाली बारीक अक्षरात ‘अमुक अधिनियमाद्वारे समाविष्ट’ अशी टीप असते, तिच्याकडे बहुतेकांची नजर जात नाही.

कायद्याच्या सायटेशनमध्ये दुसरा प्रश्न असतो तो ‘आज हे कलम आहे का’ हा. ६६-अ न्यायालयाने २०१५ मध्ये रद्दबातल ठरवले. पण न्यायालयाने रद्दबातल ठरवलेले कलम छापील कायद्यातून आपोआप गळत नाही. ते संसदेने वगळावे लागते. त्यामुळे २०१५ नंतरही बेअर अ‍ॅक्टमध्ये ६६-अ छापले जात राहिले, पोलिस ठाण्यांत त्याखाली गुन्हेही नोंदवले जात राहिले, आणि या मृत कलमाखाली कुणावरही खटला चालवू नये असे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्ये पुन्हा बजावावे लागले. पुढे २०२३ च्या जन विश्वास (तरतुदींमध्ये सुधारणा) अधिनियमाने ते वगळले. म्हणून ‘रद्दबातल ठरवले’ आणि ‘वगळले’ ही दोन क्रियापदे अदलाबदल करून वापरू नयेत. पहिले काम न्यायालयाचे, दुसरे विधिमंडळाचे, आणि दोन्हींच्या तारखा वेगळ्या.

हेच दुखणे सध्या फौजदारी कायद्यात सर्वात जास्त दिसते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, २०२३ लागू झाली. खुनाची शिक्षा भारतीय दंड संहितेत कलम ३०२ मध्ये होती, नव्या संहितेत ती कलम १०३ मध्ये आहे. नव्या संहितेतही कलम ३०२ आहे, पण ते धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने शब्द उच्चारण्याबद्दल आहे. म्हणजे ‘कलम ३०२’ एवढेच लिहून संहितेचे नाव गाळले, तर वाचणारा दोन अगदी वेगळ्या गुन्ह्यांपैकी कोणताही समजू शकतो. योगायोग असा की दंड संहिता १८६० चा अधिनियम क्र. ४५ आणि न्याय संहिता २०२३ चा अधिनियम क्र. ४५. तेव्हा नुसता अधिनियम क्रमांकही वाचवत नाही, वर्ष हवेच. आणि १ जुलै २०२४ च्या आधी घडलेल्या गुन्ह्याला जुनी संहिताच लागू राहते. जुन्या निकालावर लिहिताना ‘कलम ३०२’ चे ‘कलम १०३’ करणे ही सुधारणा नव्हे. निकालात जे कलम आहे तेच लिहावे आणि नवे समतुल्य कलम हवे तर तळटिपेत द्यावे. महाराष्ट्रातल्या कायद्यांनाही हे लागू आहे. मुंबई भाडे नियंत्रणाचा १९४७ चा कायदा जाऊन महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला, तर मुंबई पोलीस अधिनियम, १९५१ तोच राहून फक्त नावाने महाराष्ट्र पोलीस अधिनियम झाला. एका ठिकाणी कायदाच बदलला, दुसऱ्या ठिकाणी पाटी.

जाता जाता मराठीतून लिहिणाऱ्यांसाठी. उपखंडांची अक्षरे मराठीत दोन तऱ्हांनी येतात. अनुच्छेद १९(१)(अ) असे वर्तमानपत्रे आणि गाइडे लिहितात, राज्यघटनेच्या अधिकृत मराठी प्रतीत तिथे (क) आहे. दोन्हींपैकी एक पद्धत धरा आणि शेवटपर्यंत सोडू नका. अर्ध्या पानावर (अ) आणि पुढे (क) दिसले की परीक्षकाला ते दोन वेगळे खंड वाटतात.

आता खटल्याचे सायटेशन. ‘एआयआर २०१५ एससीसी १’ हे दोन जर्नलांचे कलम आहे. या निकालाची खरी सायटेशन अशी: (२०१५) ५ एससीसी १ आणि एआयआर २०१५ एससी १५२३. पहिल्यात कंसातले वर्ष, मग खंड क्रमांक, मग ‘सुप्रीम कोर्ट केसेस’ या लखनौच्या प्रकाशनाचे संक्षिप्त नाव आणि शेवटी निकाल सुरू होतो ते पान. दुसऱ्यात ‘ऑल इंडिया रिपोर्टर’ हे १९१४ पासूनचे आणि आज नागपूरहून निघणारे प्रकाशन, त्याचे वर्ष, मग न्यायालय, मग पान. एससीसीत फक्त सर्वोच्च न्यायालयाचे निकाल येतात, म्हणून न्यायालयाचे नाव वेगळे लिहावे लागत नाही. एआयआरमध्ये उच्च न्यायालयांचेही निकाल असतात, म्हणून ‘एससी’ किंवा ‘बॉम’ लिहावे लागते. हे एकदा लक्षात आले की ‘एआयआर’ च्या मागे ‘एससीसी’ येऊच शकत नाही हे नुसत्या नजरेने समजते. पाठांतराची गरज राहत नाही.

ही दोन्ही खासगी प्रकाशने आहेत. सर्वोच्च न्यायालयाचे स्वतःचे अधिकृत प्रकाशन ‘सुप्रीम कोर्ट रिपोर्ट्स’, म्हणजे एससीआर. त्याची संगणकीय आवृत्ती २०२३ पासून सर्वांना मोफत आहे. त्याच वर्षी न्यायालयाने तटस्थ सायटेशनही सुरू केले: वर्ष, मग ‘आयएनएससी’, मग क्रमांक. मुंबई उच्च न्यायालयाच्या तटस्थ सायटेशनमध्ये तर निकाल मुंबईच्या कोणत्या शाखेचा, नागपूरचा, औरंगाबादचा की गोव्याच्या पीठाचा हेही कळते. ज्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात महागडी डेटाबेस वर्गणी नाही, तिथल्या विद्यार्थ्याने लाजू नये. मोफत अधिकृत प्रत वाचून तिचेच सायटेशन देणे हे न पाहिलेल्या एससीसीचे पान उसने घेण्यापेक्षा कितीतरी चांगले. तळटिपांची शैली ब्लूबुक, ऑस्कोला की इंडियन लॉ इन्स्टिट्यूटची वापरायची हे महाविद्यालय सांगते. स्वल्पविराम आणि कंस त्यानुसार बदलतात, वरची माहिती बदलत नाही. त्या स्वल्पविरामांवर रात्री घालवणारी आणि पॅरा क्रमांक विसरणारी मुले दरवर्षी भेटतात.

पॅरा क्रमांक हाच खरा मुद्दा आहे. श्रेया सिंघलचा निकाल शंभरावर पॅरांचा आहे. ‘(२०१५) ५ एससीसी १’ एवढेच लिहून सोडणे म्हणजे जमीन दाखवताना गावाचे नाव सांगून गट क्रमांक न सांगण्यासारखे आहे. वाचणाऱ्याला ते विधान निकालात सापडले पाहिजे. तेव्हा निष्कर्षाचा पॅरा कुठला? न्यायालयाच्या मूळ निकालपत्रात तो पॅरा ११९ आहे. एससीसीत तोच मजकूर पॅरा १२४ मध्ये आहे. शब्द तेच, क्रमांक वेगळे, कारण एससीसीचे संपादक निकालाचे पॅरे स्वतःच्या पद्धतीने पाडतात आणि क्रमांक देतात. मोफत संकेतस्थळावर मूळ निकाल वाचायचा, तिथला ‘पॅरा ११९’ उचलायचा आणि त्यापुढे एससीसीचे सायटेशन चिकटवायचे, ही चूक फार नेहमीची आहे. तपासणारा एससीसीत ११९ वा पॅरा उघडतो आणि त्याला तिथे भलताच मजकूर दिसतो. सायटेशन एका प्रतीचे आणि पॅरा दुसऱ्या प्रतीचा असा मेळ कधीच घालू नये. मूळ प्रत वाचली असेल तर याचिका क्रमांक, निकालाची तारीख आणि ‘मूळ निकालपत्र, पॅरा ११९’ असे सरळ लिहावे.

पॅरा उघडला की अनुच्छेदांचा घोळही मिटतो. निष्कर्षात न्यायालय म्हणते की ६६-अ हे अनुच्छेद १९(१)(अ) चा भंग करते आणि अनुच्छेद १९(२) मधल्या वाजवी निर्बंधांत ते बसत नाही, म्हणून ते संपूर्णपणे रद्दबातल. २१ चा आधार तिथे नाही. अनुच्छेद १४ ची गोष्ट तर उलट आहे. इंटरनेट हे माध्यम इतरांपेक्षा वेगळे आहे, त्यासाठी वेगळे गुन्हे ठरवण्यात भेदभाव नाही, असे म्हणून न्यायालयाने १४ वरचे ते आव्हान फेटाळले. विद्यार्थ्याने सवयीने ‘१४, १९, २१’ हे त्रिकूट लिहिले आणि न्यायालयाने नाकारलेला मुद्दा न्यायालयाच्याच तोंडी घातला. त्याच निकालात कलम ६९-अ वैध ठरले आणि कलम ७९(३)(ब) चा अर्थ मर्यादित करून ते टिकवले गेले. पण ‘आयटी अ‍ॅक्ट रद्द झाला’ असे लिहिणारेही आहेत.

इथे वाङ्मयचौर्याकडे वळू, कारण त्याची सुरुवात याच निकालात दिसते. निकालाच्या पॅरा १३ मध्ये न्यायालय अभिव्यक्तीचे तीन स्तर मांडते: चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी. नुसती चर्चा किंवा एखाद्या मताचा पुरस्कार, मग ते मत कितीही अप्रिय असो, हे संरक्षित आहे. गोष्ट चिथावणीपर्यंत पोहोचली तरच १९(२) चा प्रश्न उभा राहतो. एखादी विद्यार्थिनी हे इंग्रजी पॅरे मराठीत उतरवते, वाक्यांचा क्रम तसाच ठेवते, खाली तळटीप देत नाही, आणि ‘माझे विश्लेषण’ या शीर्षकाखाली ते घालते. शब्द तिचे आहेत, कारण भाषांतर तिने केले. विचार, मांडणी आणि क्रम न्या. नरिमन यांचा आहे. हे वाङ्मयचौर्यच. भाषा बदलल्याने मालकी बदलत नाही. मराठी माध्यमातून लिहिणाऱ्यांना हा सापळा जास्त जवळचा आहे, कारण मूळ साहित्य बहुतेक इंग्रजीत असते आणि साम्य शोधणारे सॉफ्टवेअर भाषांतर सहसा पकडत नाही. पकडले जाणार नाही म्हणून ते चालते असा समज त्यातून तयार होतो.

हेच कसे लिहावे? दोन रस्ते आहेत. न्यायालयाचे शब्दच महत्त्वाचे असतील तर ते अवतरणात द्यावेत, तळटिपेत पॅरा द्यावा, आणि मराठीत दिले असतील तर ‘भाषांतर लेखिकेचे’ असे नोंदवावे. न्यायालयाने प्रसिद्ध केलेले मराठी भाषांतर वापरले असेल तर तसे लिहावे, पण मुद्दा शब्दाशब्दावर अवलंबून असेल तेव्हा इंग्रजी मूळ पाहावेच. दुसरा रस्ता आशय आपल्या शब्दांत सांगण्याचा. पण तोही न्यायालयाच्या नावाने: “न्यायालयाने चर्चा आणि पुरस्कार यांना चिथावणीपासून वेगळे काढले.” मग तळटीप. आणि त्यापुढे स्वतःचे काही: “पालघरच्या प्रकरणात पोस्ट बंदबद्दल प्रश्न विचारणारी होती. या कसोटीवर ती चर्चेच्या पुढे जात नाही.” हे दुसरे वाक्य विद्यार्थिनीचे आहे, त्याला तळटीप नको. कायद्याच्या असाइनमेंटमध्ये गुण या दुसऱ्या वाक्याला मिळतात, आणि पहिले वाक्य चोरले की दुसऱ्याची गरजच उरत नाही, म्हणून ते लिहिले जात नाही.

याच निकालात एक बारीक फसगत दडलेली आहे. चिथावणी आणि सार्वजनिक शांतता यांचा संबंध किती जवळचा हवा हे सांगताना दारूच्या कोठारातल्या ठिणगीची उपमा येते. ती आवडल्यामुळे अनेक जण श्रेया सिंघलच्या नावाने देतात. पण ती तिथे एस. रंगराजन विरुद्ध पी. जगजीवन राम, (१९८९) २ एससीसी ५७४ या निकालातून उद्धृत केलेली आहे. एका तमिळ चित्रपटावरच्या त्या खटल्यात न्या. के. जगन्नाथ शेट्टी यांनी ती वापरली. इथे तीन प्रामाणिक मार्ग आहेत: रंगराजनचा निकाल उघडून वाचावा आणि त्याचे सायटेशन द्यावे, वाचला नसेल तर ‘रंगराजन, श्रेया सिंघलमध्ये उद्धृत’ असे दोन्ही लिहावे, किंवा ती उपमा सोडून द्यावी. श्रेया सिंघलमधून उचलून फक्त रंगराजनची तळटीप देणे हे न वाचलेले वाचल्याचे सांगणे आहे. अमेरिकन निकालांच्या बाबतीत हे फारच चालते. श्रेया सिंघलमध्ये न्या. ब्रँडाइस यांचे व्हिटनी विरुद्ध कॅलिफोर्निया, १९२७ मधले मत उद्धृत झाले आहे, आणि त्यानंतर दिल्लीपासून कोल्हापूरपर्यंतची असाइनमेंटे जणू अमेरिकन रिपोर्टर उघडूनच लिहिल्यासारखी व्हिटनीचे सायटेशन देतात.

आता हेडनोट. छापील एससीसीत किंवा एआयआरमध्ये निकालाच्या आधी जो ठळक सारांश असतो तो न्यायालयाने लिहिलेला नसतो, तो प्रकाशनाच्या संपादकांचा असतो. घाईतला विद्यार्थी तो उचलतो आणि ‘न्यायालयाने म्हटले आहे’ असे लिहितो. त्यात दोन चुका एकाच वेळी होतात. न्यायालयाने न म्हटलेले शब्द न्यायालयाच्या नावावर जातात आणि संपादकाचे लेखन विनानाव वापरले जाते. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक, (२००८) १ एससीसी १ या १२ डिसेंबर २००७ च्या निकालात हा प्रश्न थेट आला होता. एससीसीतला मजकूर सीडीवर उतरवणाऱ्यांविरुद्ध प्रकाशकाने दावा केला होता. न्यायालय म्हणाले की निकालपत्राचा मूळ मजकूर कुणाच्या मालकीचा नाही. कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम ५२(१)(क्यू) नुसार तो कुणीही छापू शकतो. पण संपादकांनी पाडलेले पॅरे, दिलेले अंतर्गत संदर्भ, आणि कुठल्या न्यायमूर्तींनी सहमती वा असहमती दर्शवली याची नोंद यांत कायद्याचे ज्ञान आणि कौशल्य लागते, म्हणून ते उचलता येणार नाही. हेडनोट दुसऱ्यांनी आपापल्या लिहाव्यात.

या निकालावरून विद्यार्थ्यांचा एक गैरसमज दूर होतो. ‘निकाल तर सार्वजनिक आहे, मग त्यात चोरी कसली?’ असे ते विचारतात. सार्वजनिक म्हणजे कॉपीराइटचा भंग होत नाही, एवढेच. शंभर पॅरे छापले तरी कुणी दावा लावणार नाही. पण तेच पॅरे स्वतःचे विश्लेषण म्हणून असाइनमेंटमध्ये घातले तर ते वाङ्मयचौर्य राहते, कारण तिथे प्रश्न मालकीचा नसून लेखकाचे नाव लपवण्याचा आहे. उलटही घडते. एखाद्या टीकाकाराचे पूर्ण प्रकरण नाव देऊन छापले तर वाङ्मयचौर्य नाही, पण कॉपीराइटचा भंग होऊ शकतो.

हा रोग विद्यार्थ्यांपुरताच आहे असे नाही. नोव्हेंबर २०१५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने रोश आणि सिप्ला यांच्यातल्या कर्करोगाच्या औषधाच्या पेटंटवर निकाल दिला. त्यातले बरेच परिच्छेद एका आधी प्रसिद्ध झालेल्या लेखातून जवळपास जसेच्या तसे आल्याचे उघडकीस आले. मजकूर इंटर्नने तयार केलेल्या टिपणातून आला होता. खंडपीठाने दिलगिरी व्यक्त करत ते परिच्छेद निकालातून काढून टाकले. निकालाचा निष्कर्ष त्यामुळे बदलला नाही. पण इंटर्नशिपला जाणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण वाचावे. टिपणात अवतरणचिन्हे गाळली की पुढचा माणूस ते मूळ लेखन समजतो, आणि मग ते कुठवर पोहोचेल सांगता येत नाही.

वसतिगृहांत एक आकडा फिरत असतो: ‘दहा टक्क्यांपर्यंत चालते.’ तो विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांतून आला आहे. त्यात १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, पुढे ४० आणि ६० टक्क्यांच्या पायऱ्या आहेत. अवतरणे, संदर्भसूची, कायद्याचा मजकूर आणि सलग १४ शब्दांपर्यंतचे योगायोगाचे साम्य मोजणीतून वगळलेले आहे. पण हे विनियम प्रबंध, शोधनिबंध अशा लेखनासाठी आहेत आणि असाइनमेंट, टर्म पेपर, उत्तरपत्रिका त्यांच्या व्याख्येतून स्पष्टपणे बाहेर ठेवल्या आहेत. तुमच्या असाइनमेंटला महाविद्यालयाचा स्वतःचा नियम लागू होतो, आणि तो दहा टक्क्यांना ओळखत असेलच असे नाही. शिवाय टक्केवारी काहीच सांगत नाही. कलमांचे पूर्ण मजकूर दिले तर प्रामाणिक असाइनमेंटही ३० टक्के दाखवते, आणि पूर्ण भाषांतर करून चोरलेली शून्य दाखवते.

सुरुवातीचे ते वाक्य दुरुस्त केले तर असे होईल: “माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० चे कलम ६६-अ हे अनुच्छेद १९(१)(अ) चा भंग करते आणि अनुच्छेद १९(२) खाली ते वाचत नाही, असे ठरवून सर्वोच्च न्यायालयाने ते संपूर्णपणे रद्दबातल ठरवले.” तळटिपेत: श्रेया सिंघल वि. युनियन ऑफ इंडिया, (२०१५) ५ एससीसी १, पॅरा १२४. कलम कधी घातले आणि पुढे कधी वगळले याची गरज असेल तर त्याच तळटिपेत २००९ चा अधिनियम क्र. १० आणि २०२३ चा जन विश्वास अधिनियम. ‘ऐतिहासिक’ आणि ‘माननीय’ दोन्ही गेले. त्यांची आवश्यकता नव्हती.

असाइनमेंट देण्याच्या आदल्या दिवशी एवढे करा. सगळ्या तळटिपा एका बाजूला घ्या आणि प्रत्येकीचे पान किंवा पॅरा पुन्हा उघडा. जे विधान तुम्ही केले ते तिथे आहे का, ते न्यायालयाचे आहे की वकिलाच्या युक्तिवादाचे, बहुमताचे की अल्पमताचे, आणि ते कलम आज लागू आहे का, हे पाहा. जी तळटीप उघडता येत नाही ती काढून टाका, आणि तिच्यावर उभे असलेले वाक्यही.